समासातल्या ११४ शंका

रामबागकर (इंदूर): पुण्याच्या संपादकबाईंकडून कादंबरी परत आली. समासात त्यांच्या ११४ शंका, त्यातल्या चाळीसेक आमच्या इंदुरी बोलीवरच. ‘नळ आले’ला ‘नळाला पाणी आलं?’, ‘काय करून राहिलाय’ला ‘काय करतोयस?’ शिवाय १९९३ च्या प्रकरणात बाबा डबा घेऊन हुकुमचंद मिलला निघतात, तिथे, ‘मिल १९९१ लाच बंद झाली ना?’ झाली, पण बाबा फाटकावर नुसते जाऊन बसतात, हे दहा पानांनी कळतं. मी ‘पुढे वाचा’ असं उत्तर दिलंय. बाकीच्या सरसकट नाकारू का?

मालवी माणूस: नाकारा! लेखक तुम्ही की त्या? बोली गेली तर कादंबरीत उरलं काय?

बडोद्याची सून: आमच्याकडे उलटं झालं. सासऱ्यांच्या आठवणींत संस्थानातलं ‘खानगी खातं’ होतं. संपादकांनी त्याचं ‘खासगी’ केलं आणि मी घाईत Accept All दाबलं. छापून आल्यावर सासरे दोन दिवस बोलले नाहीत.

मुद्रितवाली: सूनबाई, ते बदल होते. शंका आपणहून मजकुरात शिरत नाही, तिथे लेखकालाच हात घालावा लागतो.

रामबागकर, ‘पुढे वाचा’ आधी खोडा. ते बाईंना कळेल, पण छापील पुस्तकाच्या समासात तुम्ही बसलेले नसणार. इंदूरचा कुठलाही वाचक तिथेच अडेल, लेखकाची चूक म्हणेल आणि त्या दहा पानांत तुमच्यावरचा विश्वास गमावून बसेल. गुपित फोडू नका, फक्त तुम्हाला ठाऊक आहे एवढं दिसू द्या. ‘भोंगा वाजून दोन वर्षं झाली होती. बाबा डबा घेऊन निघाले.’ मग वाचक चूक शोधणार नाही, बाबांच्या मागे जाईल.

बोलीच्या चाळीस शंका म्हणजे एकच शंका. चाळीस वेळा ‘तसेच ठेवा’ लिहिण्याऐवजी एक पान करा: कोणती पात्रं इंदुरी बोलतात, कोणते शब्द बदलायचे नाहीत. ते बाईंना पाठवा. मग प्रत्येक पात्राचे संवाद सलग वाचा. एकच माणूस एकदा ‘नळ आले’ आणि एकदा ‘नळाला पाणी आलं’ म्हणत असेल, तर ती शंका मान्य करायची.

मालवी माणूस: माझी आजी दोन्ही म्हणायची. पाहुण्यांसमोर वेगळं, मोरीत वेगळं.

मुद्रितवाली: मग पाहुणे असतील तिथेच बदलू दे. हे मात्र तुमचं बरोबर.

रामबागकर: भोंग्याची ओळ घातली. आजीच्या तोंडी सात ठिकाणी घोटाळा सापडला, पाहुणे दोनच ठिकाणी होते! पण निवेदन करणारी दहा वर्षांची पोर आहे. ती ‘नळाला पाणी आलं’ म्हणेल?

मुद्रितवाली: ती तेव्हा सांगतेय की मोठेपणी आठवून?

रामबागकर: ...तेच ठरवलेलं नाही.