अनुभव धागा: कोर्स संपला की आपोआप बंद होणारे रिमाइंडर कसे लावता?

परळची_पल्लू: पाच दिवसांची अँटिबायोटिक, आठवड्याचे डोळ्याचे ड्रॉप असं काही असलं की आमच्याकडे रोजचा अलार्म लागतो आणि कोर्स संपला तरी तो वाजतच राहतो, मग सगळे न बघता बंद करतात आणि पुढच्या आजारपणात खरा अलार्मही तसाच बंद होतो. तुम्ही कसं करता ते लिहा. ॲप कुठलंही चालेल, पण स्वतः करून बघितलेलंच सांगा.

लोअरपरेल_लोकल: गूगल कॅलेंडर. इव्हेंट करायचा, Does not repeat वर टॅप करून Custom, खाली Ends मध्ये After, तिथे 5 टाकायचं. दिवसातून दोनदा गोळी असेल तर दोन वेगळे इव्हेंट, कारण एकाच इव्हेंटला दोन वेळा देता येत नाहीत. आणि नोटिफिकेशन बरेचदा आपोआप 30 मिनिटं आधीचं असतं, ते बदलून At time of event करा, नाहीतर "अजून अर्धा तास आहे" म्हणत माणूस विसरतो.

चाळकरी: मी सरळ शेवटची तारीख टाकतो. पाच दिवस म्हणजे सोमवार ते शुक्रवार, एवढं गणित कशाला?

गिरगावची_फार्मसिस्ट: दादा, सकाळी सुरू केलं तर ठीक. पण आमच्या काउंटरवर लोक येतात संध्याकाळी, दवाखाना सुटल्यावर. 625 ची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे दहा गोळ्या, आणि पहिली घेतली सोमवारी रात्री 9 ला. रात्रीच्या पाच सोमवार ते शुक्रवार झाल्या, पण सकाळच्या मंगळवारपासून सुरू होतात, म्हणजे पाचवी येते शनिवारी सकाळी. दोन्हीला "शुक्रवारपर्यंत" टाकलंत तर सकाळच्या चारच होतात आणि पाकिटात एक गोळी उरते. तारखेऐवजी After 5 टाका, रात्रीचा इव्हेंट सोमवारी सुरू आणि सकाळचा मंगळवारी, मग आपोआप जमतं. आयफोनच्या Reminders मध्ये End Repeat ला तारीखच मागतो, तिथे सकाळच्याला शनिवार द्यायचा.

चाळकरी: हां, म्हणजे After 5 म्हणजे पाच वेळा मी Done केलं की थांबणार ना?

गिरगावची_फार्मसिस्ट: नाही हो, तुम्ही घेतली की नाही हे कॅलेंडरला कळत नाही, ते फक्त पाच वेळा वाजतं. म्हणून शेवटच्या रिमाइंडरनंतर पाकीट बघायचं. गोळी उरली असेल तर कुठेतरी चुकलीय. विसरलेली भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत, आणि उरलेलीचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

बोरिवली_वेस्ट: आमच्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, स्टेरॉइडचे ड्रॉप पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक कमी, असे सहा आठवडे. प्रत्येक आठवड्याचे वेगळे रिमाइंडर केले तर एकवीस होतात, वहिनी तर डोक्याला हात लावून बसली! मग लक्षात आलं की वेळा सहाच आहेत, फक्त प्रत्येक वेळ वेगळ्या दिवशी संपते. तर सहाच इव्हेंट केले. सकाळी 8 चा 42 वेळा, रात्री 9 चा 35, दुपारी 1 चा 28, संध्याकाळी 6 चा 21, साडेदहाचा 14, साडेतीनचा 7. आधी मधल्या वेळा गळतात, त्यामुळे पाचव्या आठवड्यात सकाळ-रात्र उरते, सहाव्यात फक्त सकाळ, आणि अंतर बऱ्यापैकी राहतं.

परळची_पल्लू: हे भारी आहे. पण तपासणीला डॉक्टरांनी बदललं तर?

बोरिवली_वेस्ट: बदललंच, डोळ्याचं प्रेशर वाढलं म्हणून. स्टेरॉइडने तसं होऊ शकतं म्हणाले, त्यामुळे मनाने लांबवायचं नाही आणि एकदम बंदही करायचं नाही. त्या दिवसापासूनचे पुसायचे होते, तर त्या दिवसाच्या प्रत्येक इव्हेंटवर Delete, मग This and following events. चुकून All events दाबलंत तर मागचेही जातात, मग आधी काय दिलं ते बघता येत नाही.

ठाणे_काकू: माझे काचबिंदूचे ड्रॉप आहेत, रात्री एक थेंब. यालाही 30 टाकू का? बाटली महिन्याने फेकायचीय ना.

गिरगावची_फार्मसिस्ट: काकू नको! तो ड्रॉप चालूच ठेवायचाय, त्याला शेवट देऊ नका. बाटली उघडल्यावर किती दिवस वापरायची ते खोक्यावर लिहिलेलं असतं, बऱ्याच बाटल्यांना चार आठवडे. त्यासाठी "नवी बाटली" असा वेगळा रिमाइंडर ठेवा.

ठाणे_काकू: बरं. पण बाटली आधीच संपते माझी, थेंब गालावर जातो.

लोअरपरेल_लोकल: एक राहिलंच, लोकलमध्ये कॅलेंडरचं ते एक टिंग ऐकू येत नाही. त्याला अलार्मसारखं वाजवता येतं का कुणाला माहितीय?