ऑफिसला स्वतःच्या फोनचा पिन द्यावा लागतो का?

मृण्मयी_हिंजवडी: आमच्या टीममधून क्लायंटची दरपत्रकं बाहेर गेली. आता एचआर म्हणतंय की सोमवारी प्रत्येकाने स्वतःच्या फोनचा पिन आणि इन्स्टाचा पासवर्ड रजिस्टरात लिहायचा. फोन माझ्या पैशांचा आहे. घराचे हप्ते चालू असल्याने नोकरी सोडता येणार नाही, दुसरा फोनही परवडणार नाही. काय करू?

सांगलीकर: दुसरा फोन घ्या. आठ हजारात मिळतो. मी तीन वर्षं तसंच करतोय.

वकील_नाही_पण: 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवलाय. सरळ हायकोर्टात रिट टाका.

अनघा_लेबर: दादा, मूलभूत हक्काची रिट मुख्यतः सरकारविरुद्ध चालते, खाजगी कंपनीवर अशी थेट टाकता येत नाही. ताई, तुमच्या कामाचं आहे आयटी कायद्याचं कलम 43. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या फोनमध्ये शिरणं त्यात येतं. अडचण अशी की पिन स्वतःच्या हाताने लिहिलात की कंपनी म्हणणार, परवानगी होती. म्हणून रजिस्टरात काही लिहू नका. आधी मेल करा: कोणता ग्रुप, कोणत्या तारखा, बघणार कोण? तेवढाच भाग फोन स्वतःच्या हातात धरून दाखवीन, असं कळवा. ऑफिसने दिलेला लॅपटॉप मात्र मागितला तर द्यावा लागेल.

सॅनहोजेचा_मामा: आमच्याकडे कॅलिफोर्नियात 2013 पासून कायदाच आहे, खाजगी सोशल मीडियाचा पासवर्ड मागता येत नाही. भारतात असं कधी होणार?

अनघा_लेबर: मामा, तिथेही गैरवर्तनाच्या चौकशीपुरता संबंधित मजकूर मागता येतो. आणि ताई पुण्यात आहेत.

रेवती७८: मी ऑफिसचा मेल फोनवर घेताना सगळ्या परवानग्या दिल्या होत्या. राजीनाम्याच्या दिवशी त्यांनी अख्खा फोन पुसला. लेकीचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो गेले. मेल घ्यायचाच तर वेगळ्या वर्क प्रोफाइलमध्ये घ्या, म्हणजे पुसलं तरी तेवढंच जातं.

सांगलीकर: म्हणूनच म्हणतोय, दुसरा फोन.

मृण्मयी_हिंजवडी: सगळ्यांचे आभार, पण मी मेल केला नाही. रजिस्टरात माझ्या आधी अकरा पिन लिहिलेले होते, मॅनेजर समोर बसले होते. इन्स्टाचा पासवर्ड नाही म्हटलं, पिन लिहिला. आयटीचा मुलगा फोन शेजारच्या खोलीत घेऊन गेला, वीस मिनिटांनी आणून दिला. घरी येऊन व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडलं, तर तिथे Google Chrome (Windows). माझ्याकडे कंप्युटरच नाही.

अनघा_लेबर: आधी वेळेसकट स्क्रीनशॉट काढा, मग लॉगआउट करा आणि पिन बदला. तुम्ही पिन दिलात तो फोन बघण्यापुरता, व्हॉट्सॲप जोडायला नाही. हे आज रात्रीच एचआरला मेलवर लिहा.

वकील_नाही_पण: पण पिन दिलाच ना? कोर्ट तीच परवानगी धरेल.

मृण्मयी_हिंजवडी: स्क्रीनशॉट काढलाय, पिनही बदलला. मेल लिहून ठेवलाय, अजून पाठवला नाही.