तासाच्या शेवटची चिठ्ठी: ३१ उत्तरं बरोबर, तरी वर्ग चुकतोय

पाचवी_ब
प्रशिक्षणात सांगितलं म्हणून तासाची शेवटची पाच मिनिटं राखून मुलांना चिठ्ठीवर एकच प्रश्न द्यायला लागले. 'एक्झिट तिकीट' म्हणतात त्याला. काल दशांश अपूर्णांकांची तुलना झाली. प्रश्न दिला: ०.४ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती? हजर ४०, बरोबर ३१. खूश होऊन घरी गेले. आज सकाळी फळ्यावर ०.६ आणि ०.७२ लिहिलं, तर १९ जणांनी ०.६ मोठी म्हणून सांगितलं. मग कालच्या चिठ्ठीने मला नक्की काय कळलं? माझं मत: पाच मिनिटं फुकट, त्यापेक्षा दोन उदाहरणं जास्त सोडवून घ्यावीत. कुणाचा वेगळा अनुभव आहे का?

टाचणवाले_गुरुजी
मॅडम, जुनीच गोष्ट आहे, फक्त नाव इंग्रजी. आमच्या डी.एड.च्या पाठ टाचणात शेवटी 'संकलन' असायचंच. तीन-चार प्रश्न विचारायचे, मुलं उत्तरं द्यायची, पाठ संपला. ३४ वर्षं तेच केलं. चिठ्ठ्या फाडायची कधी गरज पडली नाही.

खडूची_भुकटी
गुरुजी, संकलनाचा हेतू हाच, हे मान्य. पण आठवून सांगा, तीन-चार प्रश्नांना हात कोण वर करायचं? पहिल्या बाकावरची तीच पाच-सहा मुलं. उत्तर बरोबर आलं की आपण 'शाबास' म्हणून पुढे. बाकीच्या ३५ जणांच्या डोक्यात काय आहे ते तिथे दिसत नाही. चिठ्ठीचा फायदा तेवढाच, की प्रत्येकाला काहीतरी लिहावं लागतं.

मॅडमचा घोळ मात्र चिठ्ठीचा नाही, प्रश्नाचा आहे. दशांश शिकताना मुलं दोन उलट्या वाटांनी चुकतात. काही जण चिन्हापुढचे अंक साधी संख्या म्हणून वाचतात. ३५ हे ४ पेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठी. ही चूक आपल्याला माहीत असते. दुसरी चूक आपण शिकवल्यावर तयार होते. शतांश हा दशांशापेक्षा बारीक तुकडा, हे आपण ठसवून सांगतो. मुलं त्यातून अर्थ काढतात की शतांशापर्यंत गेलेली कुठलीही संख्या लहानच. म्हणजे अंक कमी तर संख्या मोठी.

आता ही दुसऱ्या वाटेची मुलं तुमच्या कालच्या प्रश्नावर बसवून बघा. ०.४ मोठी म्हणतील. बरोबर! ३१ मध्ये ती लपली. आज ०.६ आणि ०.७२ आल्यावर तीच उघडी पडली. शिवाय दोनच पर्याय असले की नुसता अंदाज मारणाराही निम्म्या वेळा बरोबर येतो.

असा प्रश्न द्या:

०.४, ०.३५, ०.४७
सर्वांत लहान ____ मधली ____ सर्वांत मोठी ____

ज्याला कळलंय तो ०.३५, ०.४, ०.४७ लिहील. साधी संख्या वाचणारा ०.४, ०.३५, ०.४७ लिहील. 'अंक कमी तर मोठी' वाला ०.३५, ०.४७, ०.४ लिहील. उत्तर वाचलं की विचार दिसतो, कारण विचारायची गरजच नाही. बाक सोडताना शेजाऱ्याचं बघतात म्हणून दुसऱ्या रांगेला ०.६, ०.५२, ०.६८ द्या, तिथेही हेच तीन गट पडतात. चिठ्ठीवर नाव किंवा हजेरी क्रमांक हवाच.

आणि तपासू नका. लाल पेन हातात घेऊच नका. नुसते ढीग करा, ४० चिठ्ठ्यांना पाचेक मिनिटं लागतात.

आई_आणि_ऑफिस
माफ करा, पण हे पालकांच्या बाजूने कुणी बघतच नाही. माझ्या मुलीच्या शाळेत रोज असा एक प्रश्न असतो आणि त्याचे मार्क महिन्याच्या रिपोर्टमध्ये येतात. पोर शनिवारीसुद्धा घाबरलेली असते. रोजची परीक्षा कशाला हवी? आधीच घटक चाचणी आहे, सत्र परीक्षा आहे.

खडूची_भुकटी
ताई, मार्क दिले की ती चिठ्ठी राहिलीच नाही, चाचणी झाली. मार्क आहेत म्हटलं की मूल शेजाऱ्याचं बघून बरोबर उत्तर लिहितं आणि शिक्षकाला हवी ती चूक हाती लागत नाही. शाळेला तेवढंच विचारा, की या उत्तरांवरून दुसऱ्या दिवशी वर्गात काय बदलतं?

माळावरची_शाळा
आमची द्विशिक्षकी शाळा. माझ्याकडे तिसरी, चौथी, पाचवी एकत्र, पाचवीत मुलं ७. चिठ्ठ्यांचे ढीग वगैरे शहरात ठीक. मी पाटी वापरतो. "लिहा, पाटी छातीशी धरा, तीन म्हटल्यावर उलटी करा." एका नजरेत सातही उत्तरं दिसतात आणि तिथल्या तिथे बोलता येतं. कागद नाही, ढीग नाही.

पाचवी_ब
४० पाट्या एका नजरेत वाचता येत नाहीत हो सर. आणि घंटा झाली की वर्ग दारात असतो.

शिष्यवृत्ती_मार्गदर्शक
एवढा खटाटोप कशासाठी? मुलांना सांगा, अंक सारखे करून घ्या, शेवटी शून्य लावा. ०.४० , ०.३५ , ०.४७. आता कुणी चुकणार नाही. पुढच्या दिवशी चिठ्ठी घ्या, ४० पैकी ३८ बरोबर येतील. मी दरवर्षी असंच करून घेतो.

खडूची_भुकटी
येतील, नक्की येतील. पण शून्य लावल्यावर साधी संख्या वाचणारा मुलगासुद्धा बरोबर येतो. ४०, ३५, ४७ लावायचं, त्यात दशांश कुठे आला? त्याचा गैरसमज होता तिथेच राहिला, फक्त आता चिठ्ठीत दिसत नाही. त्याला विचारा की ०.४ आणि ०.४० यांत मोठी कोणती, किंवा संख्यारेषेवर ०.४ आणि ०.५ च्या मध्ये एखादी संख्या दाखव. बरेच जण म्हणतात, मध्ये काहीच नाही.

शून्याची युक्ती चुकीची नाही. पण ती शिकवलेल्या दिवशी चिठ्ठीवर तुलना विचारली, तर युक्ती पाठ झाली का एवढंच कळतं.

शिष्यवृत्ती_मार्गदर्शक
परीक्षेत संख्यारेषेवर कोण विचारतंय? बरोबर उत्तर आलं, मूल खूश, पालक खूश. समज पुढे सातवी-आठवीत येते आपोआप.

खडूची_भुकटी
आठवीला गणित मीच शिकवतो. आपोआप आलेली अजून तरी बघितली नाही.

विसरभोळा_बी_एड
मला दुसरीच शंका आहे. समजा प्रश्न उत्तम निवडला. तरी तो विचारतोय कधी? शिकवून दहा मिनिटं झाल्यावर, फळ्यावर उदाहरण तसंच असताना. रॉबर्ट ब्योर्क हे मानसशास्त्रज्ञ नेमका हाच फरक सांगत आले आहेत. शिकवताना दिसणारी कामगिरी वेगळी, टिकलेलं शिकणं वेगळं. त्या क्षणी मूल बरोबर करतं आणि आठवड्याने कोरं असतं. मग तोच प्रश्न तिसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला का विचारू नये? मी तर शेवटची चिठ्ठी बंद करून सुरुवातीचा प्रश्न चालू केला आहे.

खडूची_भुकटी
हा मुद्दा मला खोडता येत नाही. बरोबर उत्तरांच्या ढिगावर मीही फार विश्वास ठेवत नाही. पण चुकीच्या उत्तरांचं तसं नाही. शिकवून दहा मिनिटांत, फळा समोर असताना जो चुकतो, त्याच्यासाठी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबण्यात अर्थ नाही. तोपर्यंत तुम्ही दशांशांच्या बेरजेवर गेलेले असता आणि तो ०.४ + ०.३५ = ०.३९ लिहीत असतो.

(फळा मात्र प्रश्न देण्याआधी पुसायचा. मी स्वतः कितीदा विसरलोय.)

पाचवी_ब
आज शेवटच्या तासाला तीन संख्यांचा प्रश्न दिला, सांगतेच. कळलेले १३. साधी संख्या वाचणारे ८. 'अंक कमी तर मोठी' वाले १४. उरलेले ५. काल मला यातलेच ३१ हुशार वाटले होते!

पण उरलेल्या पाचांतल्या तिघांनी ०.४७, ०.३५, ०.४ असं लिहिलंय. हे कुठल्या ढिगात? मी रिकाम्या जागा न देता सवयीने फळ्यावर 'चढत्या क्रमाने लावा' लिहिलं होतं.

खडूची_भुकटी
तिथेच फसलात. या उत्तराचे दोन अर्थ निघतात. साधी संख्या वाचणाऱ्याने चढता-उतरता क्रम उलटा केला तरी हेच येतं. किंवा मूल दशांशाला छेदासारखं वाचतंय: एक छेद ४७ सर्वांत लहान, एक छेद ४ सर्वांत मोठा, तसं. म्हणून तर लहान-मधली-मोठी असं लिहून द्यायचं. तिघांनाच उद्या प्रार्थनेनंतर बोलावून विचारा, "यातली मोठी कोणती?" एका मिनिटाचं काम.

१४ आणि ८, दोघांना उद्या एकच वस्तू लागेल, शंभर घरांचा चौकोन. दहाच्या दहा उभ्या पट्ट्या. ०.४ साठी चार अख्ख्या पट्ट्या रंगवायच्या. ०.३५ साठी तीन पट्ट्या आणि पाच घरं. ०.४७ साठी चार पट्ट्या आणि सात घरं. 'अंक कमी तर मोठी' वाल्याला ०.४७ मध्ये चार पट्ट्या आधीच भरलेल्या दिसतात, वर सात घरं जास्त, तिथे तो अडखळतो. साधी संख्या वाचणाऱ्याचा घोळ ०.४ च्या वेळी उघडा होतो: तो चार घरं रंगवतो. पहिली दहा मिनिटं एवढंच करा. १३ जणांना ०.४ आणि ०.५ च्या मधल्या पाच संख्या शोधायला बसवा.

आणि वाचताना 'शून्य पॉइंट पस्तीस' बंद. 'शून्य दशांश चिन्ह तीन पाच'. पस्तीस म्हटलं की कानाला ३५ च ऐकू येतात.

माळावरची_शाळा
माझ्याकडे एक पोरगा ०.५ नंतर थेट १ म्हणायचा. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं, तो क्रिकेटची षटकं मोजत होता. ४.५ नंतर एक चेंडू, की ५ षटकं पूर्ण! ते कुठल्याच ढिगात बसलं नसतं, पाटी घेऊन समोर बसलो म्हणून सापडलं.

टाचणवाले_गुरुजी
हे मात्र खरं. आमच्या वेळी हे रुपये-पैशांत व्हायचं, ४ रुपये ५ पैसे पोरं ४.५ लिहायची.

पाचवी_ब
चौकोन आखून ठेवलेत. एक विचारू? तपासणीला येणारे म्हणतात, चिठ्ठ्या तारीखवार फाइलला लावा. दर तासाच्या, दर विषयाच्या. ते कसं जमवता?

खडूची_भुकटी
मी लावत नाही. आठवड्यातून दोनच चिठ्ठ्या घेतो, तीही नवी कल्पना शिकवली त्याच दिवशी. सरावाच्या तासाला घेतच नाही. दुसऱ्या दिवशीची दहा मिनिटं झाली की चिठ्ठ्या रद्दीत. टाचणवहीत एक ओळ: "१४ जणांना शतांश असलेली संख्या नेहमी लहान वाटते, चौकोन घेतला." एकदा यावरून बोलणी खाल्ली आहेत, पुन्हा खाईन.

विसरभोळा_बी_एड
मॅडम, चौकोन झाल्यावर लगेच चिठ्ठी घेऊ नका. पुढच्या सोमवारी, न सांगता, ०.६, ०.५२, ०.६८ द्या आणि ते १४ कुठे गेले ते इथे लिहा.

पाचवी_ब
सोमवारी सुट्टी आहे. मंगळवारी देते.