शब्दचर्चा : ‘गाडी लागली’, ‘रिटर्न’ आणि पाटीवरचा S

कथालेखक : गेवराईकडचा एक तरुण भायखळ्याच्या भाजी बाजारात हमालीला येतो, कळव्याला मावसभावाकडे राहतो. त्याच्या लोकलमधल्या पहिल्या आठवड्याची छोटी गोष्ट लिहितोय. दोन जागी अडलोय. पहिल्या दिवशी मावसभाव फोनवर सांगतो, ‘सीएसटीला कल्याण लागलीय, मी बसलो.’ गावाकडच्या माणसाला हे ‘लागली’ समजेल का? दुसरं, संध्याकाळी जागा मिळावी म्हणून हे दोघं भायखळ्याहून आधी सीएसटीला जातात. त्याला मी ‘डाउन मारला’ असं लिहिलंय. बरोबर आहे का?

पाटोद्याची : लागली समजणार नाही कसं? आमच्या स्टँडवर ‘बीड लागली का?’ असंच विचारतात. गाडी फलाटाला येऊन उभी राहिली की ती लागली. गंमत करायची तर दुसऱ्या अर्थाची करा. ‘मला गाडी लागते’ म्हणजे प्रवासात मळमळतं. भाऊ म्हणाला ‘कल्याण लागली’, तर हा विचारेल, ‘कुणाला?’

कथालेखक : ताई, हे घेतलं!

सव्वासहाची : पण जपून. लागते ती गाडी सुटते तिथे, म्हणजे सीएसटीला, किंवा ठाणे लोकल असेल तर ठाण्याला. भायखळ्याला गाडी ‘येते’. तिथे वीसेक सेकंद थांबणाऱ्या गाडीला कुणी ‘लागली’ म्हणत नाही. एसटीच्या माणसाला हाच फरक पहिल्या आठवड्यात नडतो. गाडी लागल्यावर पिशवी उचलायची सवय असते त्याला.

नकाशावाला : डाउन बरोबरच आहे. सीएसटी नकाशात खाली, दक्षिणेला. खाली जाणं म्हणजे डाउन.

सव्वासहाची : नाही हो. मुंबईकडे येणारी अप, मुंबईहून बाहेर जाणारी डाउन. नकाशाचा संबंध नाही. भायखळ्याहून सीएसटीला जाणारी गाडी अप. तीच तिथून डाउन होऊन परत येते, हे दोघं जागेवरून हलत नाहीत. याला ‘रिटर्न’ म्हणतात. सकाळी डोंबिवलीची माणसं जागेसाठी उलटी कल्याणला जातात, ती मात्र डाउन जातात. तुमच्या डोक्यात तेच असेल. आणि यांचा पास कळवा ते भायखळाच असेल, तर पुढच्या सीएसटीपर्यंतचं तिकीट हवं. टीसीने धरलं तर दंड.

मुलुंडकर काका : पासाचं म्हणाल तर मी कायम तीन महिन्यांचा काढतो. एकदा पाकीट मारलं, पासही गेला. दुसरा काढावा लागला.

कथालेखक : काका, वाईट झालं, पण मला शब्द हवाय. रिटर्न ‘मारतात’ की ‘करतात’?

पाटोद्याची : माझा भाऊ ‘रिटर्न मारला’ म्हणतो.

सव्वासहाची : आमच्या डब्यात ‘रिटर्न आलो’. मारणं पोरांच्या तोंडी ऐकलंय. तुमचा हिरो आठवड्याच्या शेवटी काय म्हणेल, ते तुम्हीच ठरवा. पहिल्या दिवशी मात्र तो ‘उलटं कशाला जायचं?’ असंच म्हणेल.

आणखी एक सुचवते, चुकामूक हवी असेल तर. भावाने शिकवलंय, ‘पाटीवर S म्हणजे स्लो, ती कळव्याला थांबते.’ तिसऱ्या दिवशी हा एकटा आहे. भायखळ्याच्या जलद गाड्यांच्या फलाटावर पाटीवर सुरुवातीला S दिसतो, हा चढतो. पण पहिलं अक्षर गाडी कुठे जाणार ते सांगतं. K म्हणजे कल्याण, S म्हणजे कर्जत, N म्हणजे कसारा. स्लो की फास्ट ते वेळेनंतर येतं, S किंवा F. याने शेवटचा F वाचलाच नाही. ठाण्याला उतरला असता तरी निभावलं असतं, पण दारापर्यंत पोचेपर्यंत गाडी सुटली. कळवा डोळ्यांसमोरून गेलं, तो उतरला थेट डोंबिवलीला.

नकाशावाला : कर्जतला S? K का नाही?

सव्वासहाची : K कल्याणने घेतलाय. कल्याणपुढे रूळ दोन फुटतात, ईशान्येचा कसाऱ्याला, आग्नेयेचा कर्जतला. इंग्रजीत ईशान्येचं पहिलं अक्षर N, आग्नेयेचं S. इथे तुमचा नकाशा कामाला आला!

कथालेखक : म्हणजे भाऊ खोटं बोलला नाही, फक्त अर्धं सांगितलं. आणि दारातला संवाद? मी लिहिलंय, ‘आपण कुठे उतरणार आहात?’

पाटोद्याची : अहो, लग्नाचं बोलणं नाही ते. ‘ठाणा उतरणार?’ एवढंच. ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहायचं.

मुलुंडकर काका : आम्ही ‘ठाणं’ म्हणतो. ठाणा हिंदीवाल्यांचं.

पाटोद्याची : माझा भाऊ बीडचा आहे, आणि तोही ठाणाच म्हणतो.

कथालेखक : मग पहिल्या दिवशी ‘ठाणं’ आणि शनिवारी ‘ठाणा’ ठेवू का?

मुलुंडकर काका : मी तरी ठाणंच वाचणार.