मदत हवी आहे: दूध संकलन केंद्राच्या फ्लोचार्टमध्ये 'होय' आणि 'नाही' यांची गल्लत होते

सत्तरीची_वाट

नमस्कार. सत्तरी तालुक्यातील एका गावच्या दूध संस्थेत मी सचिव म्हणून काम पाहते. सकाळी आलेले दूध घ्यायचे की परत करायचे, हे ठरवण्यासाठी मी एक फ्लोचार्ट तयार करून केंद्राच्या भिंतीवर लावला आहे. मागच्या महिन्यात नेहमीचा कर्मचारी रजेवर असताना बदली आलेल्या मुलाने तो पाहून काम केले, आणि नासू लागलेले दूध 40 लिटरच्या कॅनमध्ये ओतले गेले. पूर्ण कॅन परत आला. त्या मुलाने मला तक्त्यावर बोट फिरवून आपण कुठून कसे गेलो ते दाखवले, तेव्हा चूक त्याच्याकडून कमी आणि माझ्या आखणीतून जास्त झाली आहे, हे माझ्या लक्षात आले.

तक्त्यात तीन प्रश्न आहेत. पहिला, 'वास नेहमीसारखा आहे का?' होय असेल तर खाली लॅक्टोमीटरकडे जायचे. नाही असेल तर उजवीकडे उकळून पाहण्याच्या चाचणीकडे, म्हणजे परीक्षानळीत साधारण 5 मिलिलिटर दूध घेऊन ती 5 मिनिटे उकळत्या पाण्यात धरायची. त्यानंतर दुसरा प्रश्न, 'दूध फुटले का?' होय असेल तर परत करायचे, नाही असेल तर डावीकडे वळून लॅक्टोमीटरकडे यायचे. तिसरा, 'लॅक्टोमीटर 26 च्या खाली नाही ना?' (26 ही मर्यादा आमच्या संस्थेने ठेवलेली आहे.) याला 'नाही' आले तर 'पुन्हा मोजा' असा बाण मागे जातो. प्रश्न मी कुठे शंकरपाळ्याच्या आकारात, तर कुठे आयतात लिहिले आहेत, कारण काही वाक्ये शंकरपाळ्यात मावत नव्हती. हे सुधारायचे कसे?

म्हादईकाठ

यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरले आहे? मी पूर्वी एका स्प्रेडशीटमध्ये आकृत्या काढत असे. त्यात आकार हलवला की बाण सुटून जागीच राहत. बाण आकाराला चिकटून राहतील असे सॉफ्टवेअर घेतले, तर निम्मा त्रास संपेल.

सत्तरीची_वाट

बाण सुटत नाहीत, ते व्यवस्थित जोडलेले आहेत. अडचण वाचणाऱ्याला होते, काढणाऱ्याला नाही.

माशेलचा_मास्तर

मी शाळेत मुलांना फ्लोचार्ट शिकवतो. नियम सोपा आहे: सुरुवात व शेवट लंबगोलात, कृती आयतात, प्रश्न शंकरपाळ्यात. आणि सगळे 'होय' खाली, सगळे 'नाही' उजवीकडे काढावेत. एवढे केले की तक्ता आपोआप स्पष्ट होतो.

रेषा_आणि_चौकट

मास्तरांचे आकारांबाबतचे म्हणणे बरोबर आहे. 1985 च्या ISO 5807 या मानकातही हे आकार याच कामांसाठी आहेत. परंतु दिशेचा नियम एवढ्यावर भागत नाही. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे 'होय' म्हणजे चांगले दूध, आणि दुसऱ्या प्रश्नाचे 'होय' म्हणजे नासलेले दूध. दोन्ही 'होय' खाली नेले, तर नासलेले दूध थेट कॅनच्या दिशेने जाईल. त्या मुलाचे असेच काहीसे झाले असावे. म्हणून बाण हलवण्याआधी प्रश्न बदलावा लागतो, जेणेकरून प्रत्येक 'होय' दूध स्वीकारण्याकडे एक पाऊल नेईल.

येथे घाई केली की माणूस 'दूध फुटले नाही ना?' असे लिहितो, आणि आपल्या भाषेत त्यातून नवा घोटाळा होतो. दूध चांगले असेल तर एक जण 'हो, नाही फुटले' म्हणेल आणि दुसरा 'नाही, फुटले नाही' म्हणेल. दोघेही खरे बोलत आहेत, पण तक्त्यावर ते दोन वेगळ्या बाणांनी जातील. तुमच्या तिसऱ्या प्रश्नात हाच दोष आहे. शंकरपाळ्यात नकारार्थी क्रियापद येऊच देऊ नये. दुसरा प्रश्न 'उकळून दूध एकसंध राहिले का?' असा करा, आणि तिसरा 'लॅक्टोमीटर 26 किंवा जास्त?' असा.

प्रश्न मावत नाही म्हणून आकार बदलणे मात्र टाळा. शंकरपाळ्याच्या टोकांकडची जागा वाया जाते; मजकुराला साधारण निम्मी रुंदी आणि निम्मी उंचीच मिळते, आणि देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांसाठी ओळींमध्ये अंतरही जास्त ठेवावे लागते. म्हणून आत चार-पाच शब्दांचा प्रश्न लिहा, आणि 5 मिलिलिटर, 5 मिनिटे हा तपशील त्याआधीच्या कृतीच्या आयतात ठेवा. सगळे शंकरपाळे एकाच मापाचे ठेवा, आणि 'होय', 'नाही' हे शब्द रेषेच्या मध्यावर न लिहिता शंकरपाळ्याच्या टोकाला लागून लिहा. तुमच्या तक्त्यात कुठे दोन रेषा एकमेकींना छेदतात का?

सत्तरीची_वाट

होय, डावीकडे वळणारी रेषा 'परत करा' कडे जाणाऱ्या रेषेला छेदते, आणि 'नाही' हा शब्द मी नेमका त्या छेदापाशी लिहिला होता. त्या मुलाने दूध फुटलेले पाहिले, मनात 'होय' म्हटले आणि छेदापाशी बोट चुकीच्या रेषेवर सरकवले.

माशेलचा_मास्तर

छेद टाळण्यासाठी सगळे 'नाही' एकाच 'परत करा' या लंबगोलात आणावेत.

रेषा_आणि_चौकट

दुसऱ्या प्रश्नाचे 'नाही' तिथे जाईल, पण पहिल्याचे उकळण्याकडे आणि तिसऱ्याचे पुन्हा मोजण्याकडे जाते. ती तशीच राहू द्यावीत. मी तीन उभ्या रांगा केल्या असत्या: डावीकडे मुख्य वाट, मधे जादा तपासण्या, उजव्या कडेला 'परत करा'. मधल्या रांगेतले 'होय' डावीकडे मुख्य वाटेला मिळेल, तेवढा एक अपवाद चालेल.

'पुन्हा मोजा' चा बाण अधिक धोकादायक आहे, कारण त्याला अंत नाही. धारोष्ण दुधात लॅक्टोमीटर कमी दाखवतो, म्हणून एकदा थांबून, फेस बसू देऊन, उपकरणावर छापलेल्या तापमानाजवळ पुन्हा मोजणे योग्यच आहे. पण दुसऱ्या मोजणीसाठी वेगळा आयत आणि वेगळा शंकरपाळा काढा, आणि त्याचे 'नाही' थेट शेवटाकडे न्या. मागे जाणारा बाण राहिला, तर दूध आणणारा आणि मोजणारा हुज्जत घालत तिथेच फिरत राहतील.

गोठेवाला

मी स्वतः दूध घालतो, म्हणून विचारतो. उकळून पाहिल्यावर आंबटपणा कळतो, पण रॉकेलचा किंवा औषधाचा वास असलेले दूध फुटत नाही. ताईंच्या तक्त्यात ते 'एकसंध राहिले' म्हणून पुढे जाईल.

सत्तरीची_वाट

हे मला सुचलेच नव्हते, आणि मुद्दा अगदी खरा आहे. हा दोष आकृतीत नसून आमच्या नियमातच आहे. 'वास आंबट आहे' आणि 'वास परका आहे' या दोन गोष्टी मी एकाच प्रश्नात कोंबल्या आहेत. त्यांचे दोन शंकरपाळे करावे लागतील, पण परका वास कोणी ठरवायचा, यावर संचालक मंडळात चर्चा झाल्याशिवाय मला तो भाग काढता येणार नाही.

बाकीचे आज रात्री नव्याने आखले. मग सहा चिठ्ठ्यांवर सहा काल्पनिक नमुने लिहिले, उदाहरणार्थ 'वास आंबट, उकळून एकसंध, लॅक्टोमीटर 24, थंड झाल्यावर 27', आणि दूध केंद्राशी काहीही संबंध नसलेल्या माझ्या सासूबाईंना प्रत्येक चिठ्ठी घेऊन बोटाने वाट काढायला सांगितले. पाच चिठ्ठ्या बरोबर शेवटाला पोहोचल्या. सहावी दुसऱ्या मोजणीपाशी अडली, कारण किती वेळ थांबायचे ते मी आयतात लिहिले नव्हते. धारोष्ण दूध त्या तापमानावर यायला तुमच्याकडे साधारण किती मिनिटे थांबतात, हे गोठेवाला यांनी सांगितले तर तो आकडा मी उद्या भरेन.