मदत हवी आहे: जादा अर्धा तास मंजूर, पण वेळ तेवढीच दिसते!

घाटावरचा: शनिवारी परीक्षा आहे. इंग्रजी मातृभाषा नाही म्हणून जादा वेळ मागितला, मंजूरही झाला. तरी बुकिंगमध्ये १३० मिनिटंच दिसतायत. काय करू? लवकर सांगा.

बोरूबहाद्दर: कुठली परीक्षा ते तरी सांगाल का?

घाटावरचा: एडब्ल्यूएस, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट. अजून कुठली असणार?

निवांत: मेडिकल सर्टिफिकेट जोडलंत का? त्याशिवाय देत नाहीत.

क्लाउडकाका: निवांत, ते अपंगत्वासाठीच्या सवलतींना. भाषेच्या अर्ध्या तासाला कागद लागत नाही, खात्यात `ESL +30 MINUTES` निवडलं की झालं. घाटावरच्या, आधी अर्ज केलास की आधी बुकिंग?

घाटावरचा: बुकिंग आधी. अर्ज काल.

क्लाउडकाका: तिथेच घोळ झालाय. मंजुरी नंतरच्या बुकिंगला लागते, आधीच्या बुकिंगला आपोआप चिकटत नाही. रद्द कर आणि नव्याने बुक कर, पण २४ तास आधी, नाहीतर फी गेली. नव्या बुकिंगमध्ये १६० मिनिटं दिसली पाहिजेत. परीक्षा सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही. एकदा मंजूर झालं की पुढच्या इंग्रजी परीक्षांनाही चालतं.

शीतल_म: त्यापेक्षा हिंदी पेपर घ्या ना! माझ्या मुलीने नीटची परीक्षा मराठीतून दिली. शंका आली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात, पण दोन्ही समोर असतात.

क्लाउडकाका: ताई, इथे हिंदीही नाही, मराठी तर दूरच.

टोकियोकर: जपानीत आहे. मी दिली. अनुवाद कधी इतका अवघड की प्रश्नच कळेना. तिथल्या तिथे इंग्रजी करून बघता येतं, म्हणून वाचलो. पण जपानी घेतली की तो अर्धा तास नाही, तो फक्त इंग्रजी पेपरला.

निवांत: ६५ प्रश्नांना १३० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दोन. भरपूर आहेत! मी ऐंशी मिनिटांत उठलो.

टोकियोकर: तुम्ही उठलात हो. सहा ओळींची गोष्ट वाचायची, आणि शेवटच्या ओळीत `LEAST operational overhead`. चारही पर्याय चालणारे, त्यातला सगळ्यात कमी देखभालीचा हवा. ती ओळ निसटली की उत्तर गेलं. मी शेवटची ओळ आधी वाचायचो. जादा वेळ मिळाला तर प्रश्नाला जवळजवळ अडीच मिनिटं होतात, म्हणजे परत एकदा वाचता येतं.

बोरूबहाद्दर: मुळात इंग्रजीतून शिकलेल्याने हा वेळ मागावा का? थोडी फसवणूकच की.

क्लाउडकाका: मातृभाषा कोणती, एवढाच प्रश्न आहे. माझी अहिराणी. मी घेतला.

घाटावरचा: रद्द केली. शनिवारची जागा गेली, आता मंगळवार सकाळ मिळतेय. वेळ १६० दिसतेय. पण कंपनीचं व्हाउचर होतं, ते परत चालेल का?

क्लाउडकाका: मुदत कधीपर्यंत आहे त्याची?

घाटावरचा: बघतो. एचआर फोन उचलत नाहीये.