कळतं की होतं?

> ‘श्रोत्याला गाण्यातलं दुःख नुसतं कळतं, की तो खरंच दुःखी होतो?’

तुम्ही या प्रश्नावर निबंध लिहिताय, तर आधी माझा एक अनुभव. आजी गेली त्या महिन्यात मिरजेला एका मैफलीत मारवा ऐकला. कोमल रिषभावर गायक रेंगाळला आणि माझा गळा दाटला. शेजारच्या मित्राला तो राग नुसता उदास ‘वाटला’. संगीत श्रोत्यात खरंच भावना जागवतं असं मानणाऱ्या भावनावाद्यांचा हा पुरावा आहे, असं मला वाटायचं. पण संगीतातली भावना श्रोत्याला नुसती ओळखू येते असं मानणारा ज्ञानवादी तत्त्वज्ञ पीटर किव्ही म्हणेल, रडवलं ते आजीच्या आठवणीने, सुरांनी नव्हे. त्याचं हे उत्तर खरंच भक्कम आहे.

म्हणून निबंधात अनोळखी संगीतावरचा प्रयोग घ्याच. वुओस्कोस्की आणि एरोला या संशोधकांनी २०१२ मध्ये ‘कसं वाटतंय’ एवढंच न विचारता श्रोत्यांचं स्मरण आणि चेहऱ्यांवरच्या भावांची पारख तपासली. अनोळखी दुःखी संगीतानेही त्यांवर दुःखाची छाया पडली, मात्र जास्त सहानुभूती असलेल्या श्रोत्यांमध्येच. किव्हीला इथे अडचण येते. तरी ते दुःख आवडतं का, हे यातून कळत नाही.